बारा वाजले की परत चालू: मालवणातल्या एका फोनच्या टाइम लिमिटची गोष्ट

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, त्या आठवड्यातली गोष्ट. मालवणच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माझी चुलत बहीण दुपारी दुकानात आली. मासळीची टोपली रिकामी होऊन बाजूला ठेवलेली होती आणि हातात मुलाचा फोन होता. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. सहामाहीत गणितात कसाबसा काठावर निघालेला. वडील बोटीवर, त्यामुळे घरी कधी असतात, कधी चार-चार दिवस नसतात.

"दादा, लिमिट तूच लावन दिलंस ना? मगे हो रात्री एक वाजेपर्यंत कसो बघता?"

लिमिट मीच लावून दिली होती, जून महिन्यात. इन्स्टाग्रामला दिवसाला एक तास, यूट्यूबला एक तास. अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग नावाचा भाग असतो, 2018 मध्ये अँड्रॉइड पायबरोबर गूगलने आणलेला. त्यात ॲपपुढे टायमर लावता येतो. वेळ संपला की ॲप बंद होतं, आयकॉन राखाडी पडतो, दाबलं तर आजचा वेळ संपला असा निरोप येतो. बहिणीने तो राखाडी आयकॉन रोज बघितलेला होता. रात्री साडेआठला जेवायला बसताना मुलाचा फोन हातात घेऊन ती खात्री करायची आणि दहाला झोपायची, कारण पहाटे साडेचारला उठून तिला लिलावाला जायचं असतं. मध्येच एकदा पाणी प्यायला उठली तेव्हा पोटमाळ्यावर उजेड दिसला.

हे प्रकरण दोघांची परवानगी घेऊन लिहितोय. बहिणीची, आणि भाच्याचीही. कारण यातलं अर्धं त्यानेच मला सांगितलं.

ग्राफने काय दाखवलं

फोन हातात आला की आधी मुलाला विचारायचं नाही, आधी ग्राफ बघायचा, अशी माझी पद्धत आहे. `Settings > Digital Wellbeing` उघडून ॲपच्या नावावर गेलं की त्या ॲपचा रोजचा वापर खांबांमध्ये दिसतो आणि तिथेच दिवसाऐवजी तासांचा हिशोब लावता येतो. हा तासांचा हिशोब बहुतेक लोक कधी उघडतच नाहीत.

आधी रोजचा हिशोब बघितला. सोमवार ते शुक्रवार इन्स्टाग्राम साठ मिनिटं, साठ, साठ, एकोणसाठ, साठ. यूट्यूबचंही जवळपास तेच. पट्टीने आखल्यासारखे सारख्या उंचीचे खांब. म्हणजे लिमिट मोडलेलीच नव्हती! बहीण माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, मी मुलाची बाजू घेतोय.

मग तासांवर गेलो. मंगळवारी रात्री बारा ते एक या तासात इन्स्टाग्रामचा खांब पन्नास मिनिटांचा. त्यानंतर दिवसभर काही नाही. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास दहा मिनिटं, आणि संपलं. बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच. एक ते दीड या वेळात यूट्यूब.

भाचा संध्याकाळी दुकानात आला तेव्हा मी त्याला फक्त ते पान उघडून दाखवलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मामा, ता बंद होता, पण बारा वाजले की परत चालू होता."

एवढंच होतं. डिजिटल वेलबीइंगचा टायमर मध्यरात्री शून्यावर येतो. तो 'दिवस' कॅलेंडरचा मोजतो, माणसाच्या झोपेचा नाही. जूनमध्ये एकदा रात्री अकराला त्याचा तास संपला, राखाडी आयकॉनकडे बघत तो पडून राहिला आणि बारा वाजून एक मिनिटाने आयकॉनला रंग आला. त्या दिवसापासून त्याने बाराला जागं राहायचं ठरवलं. आधी तो नऊ-साडेनवाला बघून अकरापर्यंत झोपत असे. लिमिट लागल्यावर तो बाराची वाट बघायला लागला, कारण मध्यरात्री पूर्ण ताजा तास मिळायचा आणि तेव्हा घरात कुणी विचारणारं नसायचं. संध्याकाळी त्याच्याकडे जेमतेम दहा मिनिटं उरत, म्हणून आठ वाजता आयकॉन राखाडी दिसायचा. आई जो पुरावा बघून निर्धास्त झोपत होती, तो पुरावा मुळात आदल्या रात्रीच्या जागरणाचा होता.

मी लावलेल्या लिमिटने वापर कमी केला नव्हता. तो संध्याकाळवरून मध्यरात्रीवर सरकवला होता. दिवसाची मर्यादा किती वेळ हे धरते, कधी हे धरत नाही, आणि त्या घरात प्रश्न 'कधी'चाच होता. हे जूनमध्ये माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवारचा खांब मात्र वेगळा होता, दोन तास चाळीस मिनिटं. तो कसा? डिजिटल वेलबीइंगच्या टायमरला पासवर्ड नसतो. ज्याच्या हातात फोन, तो सेटिंगमध्ये जाऊन साठ मिनिटांचे तीन तास करतो आणि रविवारी सकाळी पुन्हा साठ लावून ठेवतो. पंधरा सेकंदांचं काम. हा टायमर मोठ्या माणसाने स्वतःसाठी लावायचा असतो, आपला आपल्याशी केलेला नेम म्हणून. मुलाच्या फोनवर तो मुलाच्याच हातात चावी देऊन लावलेलं कुलूप आहे.

शांत फोन म्हणजे बंद फोन नव्हे

बहिणीचा दुसरा मुद्दा असा होता की रात्री त्याच्या फोनचा आवाजच येत नाही. पूर्वी 'टिंग टिंग' चालायचं, आता येत नाही, म्हणजे फोन बाजूला असणार.

इन्स्टाग्रामचा क्वाएट मोड जानेवारी 2023 मध्ये काही देशांत सुरू झाला आणि पुढे सगळीकडे पसरला. तो नेमकं काय करतो ते मी तिला माझ्या फोनवर करून दाखवलं. आपण ठरवलेल्या वेळात नोटिफिकेशन येत नाहीत, आपल्या नावाखाली आपण क्वाएट मोडमध्ये आहोत असं इतरांना दिसतं, कुणी मेसेज पाठवला तर त्याला आपोआप तसं उत्तर जातं, आणि वेळ संपल्यावर मध्ये काय काय येऊन गेलं त्याचा गोषवारा दिसतो. पण क्वाएट मोड चालू असताना मी ॲप उघडलं आणि रील वर सरकवली. रील चालू झाली. दुसरी सरकवली, तीही चालू. कुठे अडवणं नाही, विचारणं नाही.

ती म्हणाली, "माका वाटला, क्वाएट म्हणजे बंदच."

तसं वाटणारी ती एकटी नाही. क्वाएट मोड बाहेरून येणारी हाक थांबवतो. ज्याला मित्रांच्या मेसेजमुळे सारखा फोन उचलावा लागतो, त्याला त्याचा खरा उपयोग आहे आणि तो मी मनापासून सांगतो. पण जो स्वतःहूनच फोन उचलून बसलाय, त्याला थांबवण्यासारखं त्यात काही नाही. भाच्याने तो रात्री दहा ते सकाळी सात असा लावला होता, आणि का, तर वर्गातल्या ग्रुपचा आवाज खाली आईला ऐकू जायचा. त्याच्या घरात क्वाएट मोडने जागरण लपवायला मदत केली.

विश्रांतीची आठवण

इन्स्टाग्राममध्ये 'टेक अ ब्रेक' ही सोय डिसेंबर 2021 मध्ये आली. सलग दहा, वीस किंवा तीस मिनिटं झाली की आठवण करून दे, असं सांगता येतं. मग स्क्रीनवर सल्ला येतो: खोल श्वास घ्या, मनात काय आहे ते लिहा, आवडतं गाणं ऐका. खाली बटण असतं. ते दाबलं की मागे थांबलेली रील जिथे होती तिथूनच पुढे. भाच्याने ती सुट्टीत स्वतःच लावली होती, कुणी न सांगता, हे मला महत्त्वाचं वाटतं. पोराला कमी करायचं होतं. मी विचारलं, किती वेळा थांबलास? म्हणाला, पहिले दोन दिवस. मग अंगठा आपोआप बटणावर जायला लागला, पुढे पुढे वर काय लिहिलंय ते दिसेनासंच झालं.

यूट्यूबच्या आठवणीचं तर त्याच्या बाबतीत आणखीच वेगळं. अठराच्या आतल्यांसाठी यूट्यूबने ही आठवण 2021 पासून मुळातच चालू ठेवली आहे, पण त्याला ती कधी दिसल्याचं आठवत नव्हतं. याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. ही आठवण दिवसभराची बेरीज करत नाही, सलग बघण्याचं घड्याळ चालवते. ॲप बंद केलं, दुसऱ्या फोनवर गेलं, लॉग आउट केलं किंवा व्हिडिओ अर्ध्या तासाहून जास्त थांबवून ठेवला, की घड्याळ पुन्हा शून्यापासून. भाचा वीस मिनिटं यूट्यूब बघणार, ॲप घालवून इन्स्टाग्रामवर जाणार, परत येणार. असा तो दोन तास बसला तरी त्या घड्याळाच्या मते तो वीस मिनिटंच बसलेला असतो.

आता कुणी म्हणेल, निदान आठवणीने थोडाफार फरक पडतच असेल. किती पडतो याचा एक आकडा बाहेर आलेला आहे, आणि तो कंपनीच्या आतला आहे. टिकटॉक आपल्याकडे जून 2020 पासून बंद आहे, पण 2023 मध्ये त्यांनी अठराच्या आतल्या मुलांना रोज साठ मिनिटांची मर्यादा आपोआप लावली होती. साठ मिनिटं झाली की पासकोड टाकायचा आणि पुढे चालू. पुढे अमेरिकेतल्या केंटकी राज्याने त्यांच्यावर खटला भरला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्यातली झाकून ठेवलेली कागदपत्रं उघडी पडली. त्यांच्याच चाचणीत मर्यादेआधी मुलं दिवसाला सुमारे 108.5 मिनिटं घालवत होती. मर्यादेनंतर सुमारे 107. दीड मिनिटाचा फरक! मी तो आकडा कागदावर लिहून बहिणीला दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

खरं कुलूप लावताना

मग आम्ही तिघांनी बसून नीट करायचं ठरवलं. मुलाला वगळून करायचं नाही, हे मी आधीच सांगितलं. त्याच्या वयाच्या मुलाच्या खात्यावर देखरेख जोडायची तर त्याच्याच फोनवर, त्याच्या पासवर्डने, त्याच्या संमतीने जोडावी लागते. म्हणजे नैतिक म्हणून सोडा, नुसतं तांत्रिक म्हणूनही त्याच्याशिवाय पान हलत नाही.

पहिलीच अडचण आपल्याकडच्या घराघरात असणारी निघाली. मुलाच्या फोनमध्ये गूगल खातं आईचं होतं. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने आईचाच जीमेल टाकून दिलेला. आईचं खातं प्रौढ माणसाचं, त्यावर कसली देखरेख लागणार? यूट्यूबची आठवण न दिसण्याचं दुसरं कारणही हेच. मुलाचं स्वतःचं खातं शाळेच्या कामासाठी काढलेलं होतं, ते फोनमध्ये घातलं, आईचं काढलं. त्यात तिचे फोटो आणि नंबर होते, ते तिच्या फोनवर नीट उतरलेत का हे आधी तपासलं. याला जवळजवळ तास गेला, आणि लोक नेमके इथे कंटाळून सोडून देतात.

मग गूगलचं फॅमिली लिंक. मुलाच्या फोनवर `Settings > Google > Parental controls` इथून सुरुवात, आईच्या फोनवर ॲप. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक रोजची मर्यादा, आणि दुसरा डाउनटाइम, म्हणजे अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत फोनच बंद. आलेला कॉल घेता येतो, बाकी लॉक. आम्ही डाउनटाइम रात्री साडेदहा ते पहाटे पाच लावला. मध्यरात्र या बंद वेळेच्या पोटात गेली, त्यामुळे बाराला नवा तास मिळाला तरी तो वापरायला दार उघडं नव्हतं. सगळ्या दुरुस्तीत खरं काम या एका गोष्टीने केलं. रोजची मर्यादा आम्ही कमी केली नाही, जूनएवढीच दोन तास ठेवली, कारण संध्याकाळी बघितलेल्या रीलचं मला तेवढं भय नव्हतं.

इन्स्टाग्रामचं खातं बघितलं तर जन्मसाल 2004 टाकलेलं. इन्स्टाग्रामने सप्टेंबर 2024 मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली आणि फेब्रुवारी 2025 पासून ती भारतातही लागू करायला घेतली. त्यांत साठ मिनिटांनी बाहेर पडायची आठवण येते, रात्री दहा ते सकाळी सात स्लीप मोड असतो, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. पण हे सगळं मुलाने टाकलेल्या जन्मतारखेवर. 2004 टाकलेल्या पोराला ॲप एकविशीचा धरणार. तारीख खरी केली. आता ती परत अठराच्या वर न्यायची तर ओळखपत्र किंवा व्हिडिओ सेल्फी मागतात. स्लीप मोडबद्दलही मी बहिणीला परत सांगितलं, की तो क्वाएट मोडचाच भाऊ आहे, नोटिफिकेशन दाबतो, ॲप बंद करत नाही. ॲपच बंद पाडायचं तर पालकाची देखरेख जोडून तिथे मर्यादा किंवा रात्रीची बंदी लावावी लागते. तीही जोडली.

गळती

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या फोनचा ग्राफ बघितला. रात्री साडेदहानंतर कोरा. बहीण खूश. मी मात्र तिचा फोन मागितला.

तिच्या फोनवर यूट्यूब: रात्री अकरा ते साडेबारा. जिचं यूट्यूब एरवी आठवड्यातून एकदा भजन लावण्यापुरतं, तिच्या फोनवर! फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असायचा, पॅटर्न तिने त्याच्यासमोर हजारदा काढलेला. फॅमिली लिंकची मर्यादा ज्या फोनवर देखरेख आहे त्या फोनपुरती. शिवाय तिच्या फोनमधूनच तो कोड मिळतो जो मुलाच्या फोनचं कुलूप उघडतो. तो त्याने दोनदा वापरलाही होता. म्हणजे किल्लीचा जुडगाच रात्रभर ओट्यावर ठेवलेला. पॅटर्न बदलून सहा आकडी पिन केली आणि चार्जर तिच्या उशाशी नेला. आता रात्रीचा फोन तिच्या खोलीत असतो.

दुसरी गळती मला अपेक्षित नव्हती आणि ती मी प्रत्यक्ष बघितली. एका संध्याकाळी मी मासळी घ्यायला गेलो होतो. बहीण बसलेली, समोर बांगड्याचे वाटे लावलेले, गिऱ्हाईक घासाघीस करतंय. तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर ठेवलेला, कारण हाताला खवलं आणि पाणी. फोन थरथरला. मुलाने जादा वेळ मागितला होता. तिने पिशवीच्या वरूनच, ओल्या अंगठ्याने, न वाचता मंजूर दाबलं आणि परत वाट्याकडे वळली. मी विचारलं, कितीचा दिलास? तिला माहीत नव्हतं. "सारखो वाजता, मगे देतंय एकदाचा."

मुलाने वेळ बरोबर हेरली होती. चार ते सात या वेळात आई कधीच नाही म्हणत नाही. त्या आठवड्यात त्याने अकरा वेळा मागितलं, नऊ वेळा मिळालं. अंगठा न वाचता बटणावर जायचा तो आधी त्याचा होता, आता तिचा झाला. विश्रांतीची आठवण जशी मरते, तशीच परवानगीही मरते, कारण दोन्हीकडे पुढे जायचं बटण न वाचता दाबता येतं.

यावर सेटिंग नाही. आम्ही ठरवलं की बाजारात असताना मागणी आली तर तिने हातच लावायचा नाही. मागायचं ते ती घरी आल्यावर, तोंडाने. शिवाय शनिवारी एक तास जादा, न मागता, आधीच लावलेला. मागण्या आठवड्याला दोनवर आल्या. समोरासमोर मागायला त्याला लाज वाटते, असं तोच म्हणाला.

तिसरी गळती लहान, पण सांगायला हवी. व्हॉट्सॲप आम्ही मर्यादेबाहेर ठेवलं होतं, शाळेचा ग्रुप आणि बोटीवरून बापाचा मेसेज त्यावर येतो म्हणून. पण व्हॉट्सॲपचा वापर वीस मिनिटांवरून तासावर गेला. 2023 पासून तिथेही चॅनेल आहेत, त्यांत व्हिडिओ येतात, आणि मित्र रील सरळ ग्रुपवर टाकतात. एक दार लावलं की शेजारच्या दाराने वर्दळ वाढते. म्हणून एकाच ॲपचा खांब लहान झाला म्हणून समाधान मानायचं नाही, त्याच दिवसाच्या पूर्ण फोनची बेरीज बघायची. व्हॉट्सॲपला चाळीस मिनिटांची मर्यादा लावली. ब्राउझरमधून इन्स्टाग्राम उघडण्याचा मार्ग त्याला ठाऊक होता, जूनमधल्या टायमरच्या काळात त्याने तो वापरलाही होता, कारण तो टायमर ॲपचा असतो, ब्राउझरमध्ये उघडलेल्या साइटचा वेळ त्यात धरला जात नाही. आता साडेदहानंतर पूर्ण फोनच बंद असल्यामुळे निदान रात्री तरी तो प्रश्न उरला नाही.

आत्ताची स्थिती

जानेवारीच्या मध्याला तिसऱ्यांदा ग्राफ बघितले, दोन्ही फोनचे. रात्री साडेदहा ते पाच दोन्हीकडे कोरं. जागरण झालं ते दोनच रात्री, तेव्हा वडील किनाऱ्याला होते आणि मुलाने त्यांचा फोन घेतला होता. दिवसाची एकूण बेरीज जूनपेक्षा फारशी कमी नाही, पावणेतीन तासांच्या आसपास. ज्यांना हा आकडा मोठा वाटेल त्यांना मी तासांचा ग्राफ दाखवेन. तोच वेळ आता पाच ते दहाच्या मध्ये आहे आणि पोरगा सकाळी सहाला हाक न मारता उठतो.

बहिणीने मुलाच्या वडिलांच्या फोनला पण 'तसंच' लावून मागितलं. मी त्यांना डिजिटल वेलबीइंगचा टायमर लावून दिला, पण तो तेच काढू शकतात हेही दोघांसमोर सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काढला. बोटीवरून आल्यावर झोप लागेपर्यंत दुसरं काही सुचत नाही, म्हणाले. मी आग्रह केला नाही. त्यांच्या फोनला पिन मात्र बसवली.

मे महिन्यात भाच्याला सतरा पूर्ण होतील असं बहीण धरून चालली होती. मी हिशोब करून सांगितलं की त्याला तेव्हा सोळा पूर्ण होतात. इन्स्टाग्रामच्या लेखी तोच टप्पा: त्यानंतर रात्रीच्या सेटिंग तो आईला न विचारता सैल करू शकतो, पालकाची देखरेख जोडलेली असेल तेवढ्यापुरतीच अडचण. तोपर्यंत बोर्डाची परीक्षा होऊन गेलेली असेल. त्याने स्वतःच वहीच्या पानावर लिहून ते फडताळाच्या दाराला चिकटवलं आहे: परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की डाउनटाइम साडेअकरा, निकालानंतर परत तिघं बसून बोलायचं. खाली त्याची सही, आईची सही, आणि माझीही मागितली. मी केली.